ऑफसाइड कळायचं असेल तर नजर पास देणाऱ्याच्या पायावर ठेवा

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पहिल्यांदा फुटबॉलची मॅच बघायला बसलात आणि गोल होऊनही रद्द झाला, तर बहुतेक वेळा कारण ऑफसाइड असतं. नियम पाहायचा तो पास निघतो त्या क्षणी. बॉल मिळतो तेव्हा नाही. पाय बॉलला लागला त्या क्षणी पुढचा साथीदार प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात, बॉलच्याही पुढे आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड जागेवर. गोलकीपरही या मोजणीत धरतात, म्हणून शेवटचे दोघे म्हणजे सहसा गोलकीपर आणि एक बचावपटू. बरोबरीत असेल तर चालतं.

समजा, पास निघताना स्ट्रायकर बचावपटूच्या बरोबरीत होता आणि मग जोरात पळून बॉल मिळेपर्यंत पाच पावलं पुढे गेला. प्रेक्षक ‘ऑफसाइड!’ ओरडतील, पण गोल योग्यच.

नुसतं पुढे उभं राहणं गुन्हा नाही. खेळात भाग घेतला तरच शिट्टी वाजते. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोल किकवरून थेट आलेल्या बॉलला हा नियम लागत नाही. शंका आली तर साइडलाइनवरचा झेंडेवाला पंच बघा. तो शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत राहायला सतत धावत असतो.