कामवाल्या ताईंसाठी मेसेज टाकण्याआधी

साफसफाईला ताई हव्यात असा मेसेज ग्रुपवर टाकायला घेण्याआधी एक दिवस घड्याळ लावून सगळी साफसफाई स्वतः करून पाहा. समजा घर जळगावात पिंप्राळ्याकडे आहे, तीन खोल्या, चार माणसं. झाडू आणि फरशी पुसायला 40 मिनिटं लागली, एका वेळच्या भांड्यांना 25, ओटा-अंगणाला 15. म्हणजे 80 मिनिटं, तेव्हा मेसेजमध्ये दीड तास लिहा. 'थोडंसं घरकाम' असं लिहिलं की पहिल्याच आठवड्यात बाथरूम, जाळ्या, पंखे त्यात शिरतात आणि ताई काम सोडून जातात. बाथरूम हवंच असेल तर कोणत्या वारी ते लिहा, आणि त्या दिवसाचा अर्धा तास जास्तीचा धरा.

वेळ ठरवताना ऊन आणि नळ दोन्ही बघा. एप्रिल-मेमध्ये दुपारी बाराला कुणाला चालत बोलावणं बरं नाही, सकाळी सात ते साडेआठ ठीक. पाणी एक दिवसाआड येत असेल तर अंगण धुणं पाण्याच्या दिवशीच ठेवा.

पगार 'भेटून ठरवू' असा ठेवू नका. आपल्या गल्लीत कामामागे काय देतात ते दोन-तीन घरांत विचारा, बेरीज करा आणि मग तासाचा हिशोब लावून बघा. समजा बेरीज 2,500 आली. महिन्याचे 28 दिवस, रोज दीड तास, म्हणजे 42 तास. तासाला जेमतेम 60 रुपये पडले. हा आकडा पाहून स्वतःलाच कमी वाटला, तर मेसेज जाण्याआधीच वाढवा. पगाराची तारीख आणि भरपगारी सुट्ट्याही लिहा. आखाजीला बाया माहेरी जातात, श्रावणात कानबाई असते. त्या दिवसांचे पैसे कापू नयेत असं माझं ठाम मत आहे.

ओळखपत्र बघणार हे आधीच सांगितलं की पुढे कुणाला अपमान वाटत नाही. पण आधारचा फोटो ग्रुपवर मागवू नका. भेटीत मूळ कार्ड बघून लगेच परत द्या. प्रत ठेवायचीच असेल तर मास्क्ड आधारची घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पोलीस ठाण्यात माहिती द्यायची असेल तर ताईंना सांगून, त्यांच्या संमतीने द्या. वय 18 पूर्ण आहे ना, तेही कार्डावरच कळतं. आपल्या घरात कोण कोण असतं हेही त्यांना सांगा. एकट्या बाईला परक्या घरात शिरायचं असतं.

घर नंबर ग्रुपवर देऊ नका, भाग आणि फोन पुरे. मग मेसेज असा होतो:

"पिंप्राळा भागात साफसफाईसाठी ताई हव्यात. रोज सकाळी 7 ते 8.30. तीन खोल्या झाडू-फरशी, एका वेळची भांडी, अंगण. रविवारी बाथरूम, अर्धा तास जास्त. पगार 2,800, दर महिन्याच्या 1 तारखेला. महिन्याला दोन सुट्ट्या, आखाजी व कानबाईच्या वेगळ्या, सगळ्या भरपगारी. वय 18 पूर्ण. भेटीत ओळखपत्र बघू, पोलीस ठाण्यात माहिती देऊ. घरात आम्ही नवरा-बायको, सासूबाई आणि मुलगी. दुपारी 4 नंतर फोन करा."