पाकिटाच्या फोटोतून सल्फाइट सुटत होतं: माझा उपाय

दमा असलेल्या माणसाला सल्फाइट टाळायचं होतं. बिस्किटाच्या पुड्याचा फोटो काढून फोनने मजकूर उचलायचा आणि सल्फाइटचा छापील क्रमांक ‘223’ शोधायचं, तर काहीच सापडत नसे, पुड्यावर मात्र ते छापलेलं असे. फार चीड आली. जास्त उजेड, फ्लॅश, मोठा फोटो, कशानेच फरक पडला नाही.

कारण चौकटी कंसात होतं. छापलेलं `DOUGH CONDITIONER [223]` फोन `12231` असं वाचत होता. स्वतंत्र शब्द म्हणून शोधल्यास 223 हुकणारच.

जमलेला क्रम असा. पुडा कापून सपाट करा, फ्लॅश बंद ठेवा, खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या. चकाकी अक्षरांवर पडली तर पुडा थोडा फिरवा. मजकुरातला `INGREDIENTS` पासून घटक संपेपर्यंतचाच भाग ठेवा. नाहीतर चौदा आकडी परवाना क्रमांकातले आकडे खोटी सूचना देतात. मग regex शोध चालणाऱ्या संपादकात, लहान-मोठी अक्षरं न पाहता, हा नमुना शोधा:

```
22[0-8]|sul(ph|f)(it|ur)
```

220 ते 228 सगळी सल्फाइटं यात येतात, नावाने लिहिलेलीही. सापडलेली प्रत्येक जागा पुड्यावर डोळ्यांनी ताडून घ्या. काही सापडलं नाही तरी घटकांची ओळ एकदा वाचाच, कारण 3 चा 8 झाला तर पकडलं जातं, पण 2 चा Z झाला तर नाही. ऍलर्जीची वेगळी ओळही बघा: किलोमागे 10 मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर ते तिथे लिहावं लागतं.

म्हापशाच्या बाजारातले सुटे पिवळे मनुके मात्र टाळलेलेच बरे. त्यांना बहुधा गंधकाची धुरी दिलेली असते आणि वाचायला लेबल नसतं.