ओळख करून देताना एक चूक सांगायची, पण किती?

मुलाखतीत "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की बहुतेकजण दीड मिनिट नुसती यशाची यादी वाचतात. मी अशा मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बरेचदा बसलो आहे. तिसऱ्या उमेदवारानंतर सगळे सारखेच वाटायला लागतात. मध्येच कुणी आपली एखादी लहानशी चूक सरळ सांगतो, तेव्हा समोरचे कागदावरून मान वर करतात. मात्र तीच चूक अर्धा मिनिट लांबली की खोलीत अवघडलेपण येतं. म्हणून ही गोष्ट बेतानेच करायची असते.

आधी एक जुना प्रयोग

1966 साली एलियट अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना प्रश्नमंजुषेच्या ध्वनिफिती ऐकवल्या. एका फितीतला स्पर्धक 92 टक्के उत्तरं बरोबर देतो, तर दुसऱ्या फितीतला जेमतेम 30 टक्के. काही फितींच्या शेवटी स्पर्धकाच्या हातून अंगावर कॉफी सांडते. हुशार स्पर्धक कॉफी सांडल्यावर ऐकणाऱ्यांना जास्त आवडला. सामान्य स्पर्धक मात्र कॉफी सांडल्यावर आणखी नावडता झाला.

यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक, चूक सांगण्याआधी आपल्याला काम येतं हे समोरच्याला दिसलेलं असायला हवं. दुसरी गोष्ट फारसं कुणी लक्षात घेत नाही: त्या हुशार माणसाने कॉफी सांडली होती, उत्तर चुकवलं नव्हतं. ज्या गुणासाठी लोक आपल्याला जोखत आहेत, त्यालाच चुकीचा धक्का लागता कामा नये.

पायरी 1: चूक निवडा

समजा, एकाने चार वर्षं गोदामात काम केलंय आणि आता तो गोदाम पर्यवेक्षकाच्या जागेसाठी जातोय. त्याच्याकडे सांगण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. पदविकेच्या परीक्षेत तो पहिल्यांदा नापास झाला होता. एकदा तो कुलूप लावायला विसरला आणि थोडा माल गहाळ झाला. आणि पहिल्या वर्षी त्याची मालाची मोजणी चुकली होती.

परीक्षेची गोष्ट जुनी आहे, आणि तो आज कसं काम करतो हे तीतून कळत नाही. कुलपाची गोष्ट खरी असली तरी ओळखीत नको, कारण पर्यवेक्षकाच्या हाती किल्ल्याच द्यायच्या असतात. (कुणी थेट विचारलं तर ती लपवायची नाही, पण आपणहून सुरुवातीलाच काढायचीही गरज नाही.) मोजणीची चूक चालेल. ती कामातलीच आहे, पण नवशिक्याची आहे, त्याची स्वतःची आहे, तिथल्या तिथे निस्तरलेली आहे आणि तिच्यामुळे त्याची एक सवय बदललेली आहे. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. चुकीनंतर आपण वेगळं काय करायला लागलो हे सांगता येत नसेल, तर ती चूक बाजूला ठेवा.

"मी फार काटेकोर आहे, हाच माझा दोष" असलं काही मात्र नको. ती नम्रतेच्या वेशातली फुशारकी आहे आणि ऐकणाऱ्याला ती लगेच कळते. त्यापेक्षा सरळ फुशारकी परवडली.

पायरी 2: तीन वाक्यांत बसवा

आपल्या उमेदवाराचा पहिला मसुदा असा होता: "पहिल्या वर्षी माझ्याकडून खूप मोठी चूक झाली. खरं तर मी तेव्हा नवीन होतो, माणसंही कमी होती, कुणी नीट शिकवलंही नव्हतं. वर्षअखेरीच्या मोजणीत गडबड झाली. साहेब खूप चिडले. मला दोन रात्री झोप लागली नाही. पण त्यातून मी खूप काही शिकलो."

यात सबबी आहेत, साहेबांचा राग आहे, झोपही आहे. पण नेमकं काय चुकलं आणि आता काय बदललं, हेच नाही. दुरुस्त मसुदा असा:

"पहिल्या वर्षअखेरीच्या मोजणीत मी खोकी न उघडताच आकडा लावला आणि हिशेब 40 नगांनी चुकला. दुसऱ्या दिवशी तो पूर्ण रॅक मी पुन्हा मोजला. तेव्हापासून सील फुटलेलं खोकं मी उघडून मोजल्याशिवाय यादीत धरत नाही."

पहिल्या वाक्यात चूक, दुसऱ्यात निस्तरणं, तिसऱ्यात आजची सवय. "खूप मोठी" गेलं आणि त्याजागी 40 हा आकडा आला. आकडा असला की ऐकणारा चूक किती मोठी होती ते स्वतः ठरवतो, आणि ती बहुधा आपल्या मनातल्यापेक्षा लहान निघते. "खूप काही शिकलो" हेही गेलं, कारण सील फुटलेल्या खोक्याने ते काम केलं.

पायरी 3: जागा ठरवा आणि घड्याळ लावा

चुकीने सुरुवात करू नका, शेवटही करू नका. आधी आपण काय काम करतो ते सांगा, मग पुराव्यासकट एक ठोस यश, त्यानंतर ही तीन वाक्यं, आणि शेवटी या जागेवर का यायचंय ते.

वरची तीन वाक्यं 32 शब्दांची आहेत. नेहमीच्या वेगाने बोलल्यास त्यांना पंधरा सेकंद लागतात. दीड मिनिटाच्या ओळखीत एवढंच पुरे, म्हणजे साधारण सहावा हिस्सा. वीस सेकंद ओलांडली की एखादी सबब परत आत शिरली आहे असं समजा. फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐका. चुकीपाशी आलो की आपण एकतर भरभर बोलतो, नाहीतर "म्हणजे", "तसं बघायला गेलं तर" असे टेकू लावतो. डोक्यात बोलताना ते जाणवत नाही, फितीवर मात्र लपत नाहीत.

ओळखीला अर्ध्या मिनिटापेक्षा कमी वेळ असेल, किंवा दहा जण पाठोपाठ एकेक वाक्य बोलणार असतील, तर चूक गाळा. तेवढ्या वेळात आधीचं यशच नीट उभं राहत नाही, आणि मग आपण त्या 30 टक्केवाल्या स्पर्धकाच्या रांगेत जाऊन बसतो. दुसरी चूकही कधी जोडू नका. एक चूक प्रसंग वाटते, दोन चुका स्वभाव वाटतात.

जास्त झालं, हे कसं ओळखायचं?

समोरचा सांत्वन करायला लागला, "होतं हो असं, मनाला लावून घेऊ नका" म्हणाला, की समजावं, प्रमाण चुकलं. आपण माहिती द्यायला गेलो होतो आणि त्याच्यावर समजूत काढायची वेळ आली. तो नुसती मान हलवून पुढे गेला तर बरोबर जमलं. "सगळी खोकी उघडायला वेळ नाही का जात?" असं विचारलं तर फारच छान, कारण आता बोलणं चुकीवरून कामाच्या पद्धतीवर आलं आहे. त्याचं उत्तर आधीच तयार हवं: सगळी नाही, फक्त सील फुटलेली, आणि तीही मोजणीच्या आदल्या दिवशी वेगळी काढून ठेवतो.

"तेव्हा साहेब काय म्हणाले?" हा प्रश्नही हमखास येतो. त्याला एकाच वाक्यात उत्तर द्या आणि त्यात साहेबांची तक्रार येऊ देऊ नका. "पुन्हा मोजायला सांगितलं, आणि नवा आकडा त्यांनी स्वतः ताडून पाहिला," एवढं बोलून थांबा.