टाकी मोठी घेऊनही पाणी संपतंच: हिशोब कुठे जुळला

जालन्यात आमच्या गल्लीत नळ सहाव्या दिवशी येतो, दीड तासासाठी. गच्चीवर ३००० लिटरची टाकी बसवली, तरी चौथ्या दिवशी खडखडाट. शेजाऱ्यांच्या सल्ल्यानं आणखी एक टाकी जोडली, तीही अर्धीच. अक्षरशः वैताग आला होता.

शेवटी आधी वापर मोजला. पाच माणसं, धुणंभांडी धरून माणशी ९० लिटर, म्हणजे रोज ४५० आणि सहा दिवसांचे २७००.

मग नळ मोजला. १५ लिटरची बादली गच्चीवर भरायला मिनिट लागलं, म्हणजे दीड तासात फक्त १३५० लिटर. रिकाम्या टाकीचं आकारमान वाढवून काय होणार! अंगणातल्या नळाला तीच बादली २५ सेकंदांत भरली: मिनिटाला ३६, दीड तासात ३२४० लिटर. बादली सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी लावून सरासरी घ्या, कारण गल्लीतले सगळे नळ सुटले की धार बारीक होते.

म्हणून जमिनीत हौद बांधला. नळाची पाळी कधीकधी दोन दिवस लांबते, म्हणून आठ दिवसांचे ३६०० लिटर धरले. लांबी २ मीटर, रुंदी १.५, पाण्याची उंची १.२, खाली गाळाला १० सेंटिमीटर, वर बॉलकॉकला २०. आता नळ थेट हौदात, हौदातून मोटारीनं गच्चीवर. पाळीला ५४० लिटर जास्त येतात, त्यामुळे दोन दिवसांचा जादा साठा भरायला दोन पाळ्या लागतात.