बातमीदाराला अभ्यास समजावताना या चुका टाळा

‘धोका दुप्पट होतो’ हे वाक्य बातमीदाराला कधीही एकटं देऊ नका. नव्या संशोधकांच्या तोंडून हे ऐकलं की मला राग येतो. दुप्पट, पण किती होता त्याच्या दुप्पट?

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला: तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. आकडा खोटा नव्हता. आधीच्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० बायकांपैकी साधारण एकीला गुठळी व्हायची, नव्या गोळ्यांवर दोघींना. पण बातम्यांमधून घरोघरी पोचलं ते फक्त ‘दुप्पट’. घाबरून अनेकींनी गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. आणि गरोदरपणात गुठळीचा धोका या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो! म्हणून मी आधी ‘७,००० पैकी एक’ सांगते, मग ‘७,००० पैकी दोन’. ‘दुप्पट’ माझ्याकडून जातच नाही.

दुसरी चूक मुलाखतीच्या शेवटी होते. समजा, रोज चालणाऱ्यांमध्ये गुडघेदुखी कमी आढळली. अर्धा तास तुम्ही नीट सांगता की हा नुसता पाहणीचा अभ्यास आहे, कुणालाही चालायला लावून पाहिलेलं नाही. मग बातमीदार विचारतो, “म्हणजे थोडक्यात, चालल्याने गुडघे दुखायचे थांबतात?” दमलेला माणूस म्हणतो, “हो, तसं म्हणता येईल.” छापून येतं ते हेच. तिथे मी सरळ ‘नाही’ म्हणते आणि कारण त्याच वाक्यात जोडते: “चालणाऱ्यांचे गुडघे कमी दुखतात एवढंच दिसलं, ज्यांचे दुखतात ते मुळातच कमी चालत असतील, हे आम्हाला वेगळं करता आलेलं नाही.” मर्यादा वेगळ्या वाक्यात ठेवली की जागेअभावी पहिली कात्री तिच्यावरच चालते.

प्रत्येक वाक्यात ‘कदाचित’, ‘शक्यता आहे’ पेरणं म्हणजे सावधपणा नव्हे, तो आळस आहे. नेमकं काय माहीत नाही ते सांगा.

प्रयोग उंदरांवर असेल तर ‘उंदीर’ हा शब्द पहिल्याच वाक्यात हवा.

दोष नेहमी वर्तमानपत्रांचाच असतो असं मानू नका. कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी २० ब्रिटिश विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं तपासली, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या प्राण्यांवरच्या संशोधनाच्या पत्रकांपैकी ३६ टक्क्यांत माणसांबद्दल फुगवलेला निष्कर्ष पत्रकातच होता, म्हणजे बातमी लिहिली जाण्याआधीच. त्यामुळे तुमच्या संस्थेचं पत्रक बाहेर पडण्याआधी स्वतः वाचा, मथळ्यासकट. वेळ नाही ही सबब मला पटत नाही.

बातमीदाराकडे पूर्ण बातमी तपासायला मागू नका, ती सहसा मिळत नाही. तुमच्या नावाने जाणारी वाक्यं आणि आकडे मात्र फोनवर वाचून दाखवायला सांगा. आणि मथळा बहुतेकदा उपसंपादक देतो, म्हणून मथळ्यात बसेल असं एक खरं, छोटं वाक्य आधीच तयार ठेवा.