शुगर-बीपीचं मशीन घेताना या चुका टाळा: किंमत मशीनची नाही, रीडिंगची बघा

माझ्या मेडिकलच्या काउंटरवर ग्लुकोमीटर घ्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो "सगळ्यात स्वस्तातलं कुठलं?" आणि कंपन्यांना हे पक्कं माहीत आहे, म्हणून तर मशीन पाचशेला मिळतं, कधी रक्ताचा थेंब घ्यायच्या २५ पट्ट्या फुकट, कधी पट्ट्यांचा बॉक्स घेतला तर मशीनच फुकट. पैसे त्यांना पट्ट्यांवर मिळतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, फक्त इथे मसाला दर महिन्याला लागतो आणि दुसऱ्या कंपनीचा चालत नाही.

पट्टीची किंमत बॉक्स भागिले ५० अशी काढणं

जरा हुशार गिऱ्हाईक असेल तर तो पट्टीचा भाव विचारतो, बॉक्सची किंमत भागिले ५० करतो आणि खूश होतो. पण हा भाव खरा नाही, कारण बऱ्याच पट्ट्यांच्या डबीवर दोन तारखा लागू असतात. एक छापील एक्सपायरी, आणि दुसरी म्हणजे डबीचं झाकण उघडल्यापासूनची मुदत, जी कोणाची ३ महिने, कोणाची ६ महिने असते, काही कंपन्यांची छापील तारखेपर्यंत चालते. पट्टीवर जे रसायन असतं ते हवेतल्या ओलाव्याने खराब होतं, म्हणून ही मुदत. झाकणात ओलावा शोषणारं द्रव्य असतं, पण तेही कायम पुरत नाही.

आता हिशोब बघा, आकडे उदाहरणादाखल घेतलेत पण बाजारातल्या भावाच्या जवळचेच आहेत. बाबांची शुगर गोळ्यांवर आहे, डॉक्टरांनी सांगितलंय आठवड्यातून दोनदा तपासा. म्हणजे वर्षाला १०४ रीडिंग. त्यात रक्त कमी पडलं, एरर आला, असं धरून दहातली एक पट्टी वाया, म्हणजे साधारण ११५ पट्ट्या.

पहिलं मशीन ५०० चं. पट्ट्या ५० च्या एकाच डबीत, ११५० रुपयांना, म्हणजे कागदावर पट्टी २३ ची. मुदत उघडल्यापासून ३ महिने. तीन महिन्यांत लागणार २९, उरलेल्या २१ फेकायच्या. वर्षाला चार डब्या, ४६०० रुपये, भागिले १०४ रीडिंग, म्हणजे एक रीडिंग ४४ रुपयांना पडलं. दुसरं मशीन ११०० चं, पट्ट्या ९०० ला ५०, पण प्रत्येक पट्टी वेगळ्या पाकिटात बंद, त्यामुळे फोडाल तीच वापराल, बाकीच्या छापील तारखेपर्यंत ठीक. ११५ पट्ट्यांचे २०७० रुपये, रीडिंग २० ला. मशीनमधला ६०० चा फरक तीन महिन्यांत वसूल, पुढे वर्षाला अडीच हजार वाचतात.

सुट्या पाकिटातलं मिळालं नाही तर निदान २५-२५ च्या दोन डब्या असलेला बॉक्स घ्या आणि एक संपल्याशिवाय दुसरी उघडू नका. बॉक्सवर असं लिहिलेलं असतं, पण लोक बघतच नाहीत.

हेच इन्सुलिनवर असलेल्या आणि दिवसातून चार वेळा तपासणाऱ्या माणसाला लागू नाही. त्याची ५० ची डबी बारा-तेरा दिवसांत संपते, मुदतीचा प्रश्नच येत नाही, त्याने फक्त पट्टीचा भाव बघायचा. वर्षाला १४६० पट्ट्या लागतात, तिथे एका पट्टीमागे ५ रुपयांचा फरक म्हणजे ७३०० रुपये. म्हणून "चांगलं मशीन कुठलं" या प्रश्नाला मी आधी उलटं विचारतो, की आठवड्यात किती वेळा तपासणार?

मुदत गेलेल्या पट्ट्या वापरत राहणं, उरलेल्या नव्या डबीत ओतणं

४४ रुपये ऐकल्यावर लोक काय करतात, तर ३ महिन्यांची डबी सहा महिने ओढतात. मला कळतं का ते. पण पट्टी खराब झाली तर मशीन दरवेळी एरर देईलच असं नाही, ते चुकीचा आकडा निवांत दाखवतं आणि त्यावर माणूस गोळी कमी-जास्त करतो, इन्सुलिनवाला तर जास्तच अडकतो. पट्टी बरी आहे की नाही हे तपासायला कंट्रोल सोल्युशन नावाची छोटी बाटली असते, रक्ताऐवजी तिचा थेंब पट्टीला लावायचा आणि आकडा डबीवर छापलेल्या रेंजमध्ये येतो का बघायचं. ती बाटलीही उघडल्यावर बहुतेक ३ महिनेच चालते, आणि खरी गोष्ट अशी की तालुक्याच्या ठिकाणी बहुतेक मेडिकलवाले ती ठेवतच नाहीत. मशीन घेण्याआधी विचारा की मागवून मिळेल का.

डबी उघडली की त्याच दिवशी त्यावर पेनाने तारीख लिहा, एवढं केलं तरी पुरे. डबी फ्रिजमध्ये नको, गॅसच्या वरच्या फळीवर नको, पट्ट्या काढून दुसऱ्या डबीत तर नकोच. कोकणात पावसाळ्यात झाकण नीट न लावता ठेवलेली डबी लवकर बिघडते.

कंपनीचं नाव सांगून पट्ट्या मागणं

हे रोजचं. "दादा, अमुक कंपनीच्या पट्ट्या द्या." अहो, त्या कंपनीची चार मॉडेलं आहेत आणि चारही पट्ट्या वेगळ्या. परवा एक मावशी सूनबाईंनी फोनवर सांगितलेल्या नावावर बॉक्स घेऊन गेल्या, घरी जाऊन सील फोडलं, पट्टी मशीनच्या खाचेत बसेना, संध्याकाळी परत आल्या. सील फोडलेला बॉक्स डिस्ट्रिब्युटर माझ्याकडून परत घेत नाही, मी त्यांच्याकडून कसा घेऊ? बाराशे रुपये गेले. रिकामी डबी सोबत आणा, नाहीतर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, बस.

यातलीच पुढची चूक म्हणजे आपल्या गावात पट्टी मिळते का हे न बघता ऑनलाइन मशीन मागवणं. मुलगा पुण्यातून मागवतो, आई-वडील गावी, पट्टी गावात कुठेच नाही. मॉडेल बंद झालं की पट्ट्याही हळूहळू गायब होतात, मग चालू मशीन कपाटात. घेण्याआधी गावातल्या दोन मेडिकलमध्ये पट्टी विचारा, आणि बॉक्स हातात घेऊन एक्सपायरी बघा. तारीख लांबची असेल तर माल फिरतोय, दोन-तीन महिन्यांवर आलेली असेल तर तो बॉक्स कधीचा पडून आहे. ऑनलाइन निम्म्या किमतीतल्या पट्ट्यांचंही बऱ्याचदा हेच असतं.

वाया जाणाऱ्या पट्ट्या मशीनच्या खात्यात न धरणं

काही मशीनला अर्धा मायक्रोलिटर रक्त पुरतं, काहींना एक लागतं. वयस्कर माणसाच्या थंड बोटातून तेवढं येत नाही, मशीन एरर देतं, पट्टी गेली. काही मशीन थेंब कमी पडला तर काही सेकंदांत त्याच पट्टीला दुसरा थेंब लावू देतात, ही सोय माझ्या मते ब्लूटूथपेक्षा कितीतरी कामाची आहे पण जाहिरातीत कोणी सांगत नाही. हात कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा, बोटाच्या कडेला टोचा. आंबा खाऊन तसंच बोट टोचलं तर आकडा अडीचशे दाखवेल आणि खात्री करायला अजून एक पट्टी जाईल.

सुया रुपया-दोन रुपयांना मिळतात आणि बोट टोचायच्या बहुतेक पेनमध्ये साध्याच गोल सुया बसतात, त्यात फार डोकं लावू नका. नाण्यासारखा चपटा सेलही क्वचितच बदलावा लागतो.

बीपी मशीनला तोच हिशोब लावणं

इथे मात्र चित्र वेगळं आहे, पट्ट्या नाहीत, त्यामुळे स्वस्त-महागाचा फरक ग्लुकोमीटरइतका एकतर्फी नाही. खर्च दोन ठिकाणी होतो, सेल आणि दंडाला गुंडाळायचा कफ.

मशीनमध्ये हवा भरायची मोटर असते आणि ती एकदम जोरात करंट ओढते. त्यामुळे दहा-पंधरा रुपयांचे साधे सेल टाकले की मोटर सुरू होताच दम तोडतात, एरर येतो, माणूस म्हणतो मशीन बिघडलं. तेच सेल भिंतीवरच्या घड्याळात घालून बघा, महिनोन्‌महिने चालतील. अल्कलाइनच घाला. आणि घरात दोघं जण सकाळ-संध्याकाळ दोन-दोन रीडिंग घेत असतील तर दिवसाला ८, महिन्याला २४० होतात. पुस्तिकेत एका सेटमध्ये ३०० रीडिंग लिहिलं असेल तर वर्षाला दहा सेट, १६० चा सेट धरला तर १६०० रुपये. त्यापेक्षा ५०० चा अडॅप्टर चार महिन्यांत वसूल. म्हणून मशीनला अडॅप्टरची पिन किंवा टाइप-सी आहे का हे आधी बघा, आणि अडॅप्टर पुस्तिकेत सांगितलेल्या व्होल्टेजचाच घ्या, घरात पडलेला दुसरा कुठला लावू नका. मशीन महिनाभर वापरायचं नसेल तर सेल काढून ठेवा, गळले की आतल्या धातूच्या पट्ट्यांना पांढरा-हिरवा थर चढतो.

कफचं जास्त महत्त्वाचं. दंडाच्या मध्यावर, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, शिंप्याच्या टेपने घेर मोजा. सोबत येणारा कफ बऱ्याच मशीनमध्ये २२ ते ३२ सेंटीमीटरचा असतो. घेर ३५ असेल तर बीपी उगाच जास्त दिसतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात मोठा कफ लागणाऱ्यांना नेहमीच्या मापाचा लावल्यावर वरचा आकडा सरासरी जवळपास ५ ने जास्त आला, आणि सगळ्यात मोठा लागणाऱ्यांत तर १९.५ ने. तेवढ्यावर गोळी वाढू शकते. त्यामुळे १३०० च्या मशीनवर नंतर ७०० चा मोठा कफ घेण्यापेक्षा २२ ते ४२ चा कफ सोबत देणारं मशीन परवडतं. आणि काही स्वस्त मशीनचा कफ सुटा मिळतच नाही, दोन-तीन वर्षांत चिकटपट्टी सैल झाली किंवा नळी कनेक्टरपाशी चिरली की मशीनच टाकायचं. मोटर नेहमीपेक्षा जास्त वेळ घुरघुरते आणि शेवटी एरर येतो, तेव्हा आधी नळीपाशी कान लावून हवेचा आवाज येतो का ऐका. दुसऱ्या कंपनीचा कफ पिनमध्ये बसला तरी लावू नका, मशीनची अचूकता तिच्याच कफवर तपासलेली असते. तपासणी झालेल्या मॉडेलची यादी stridebp.org वर आहे.

महागड्या पट्ट्यांचं मशीन घरात आधीच असेल तर

आत्ताची डबी संपवा, मग बदला. पण दोन मशीनचे आकडे शेजारी ठेवून घाबरू नका. ग्लुकोमीटरच्या आयएसओ मानकातच शंभरच्या वर १५ टक्के फरक चालतो, म्हणजे लॅबमध्ये १६० आली तर १३६ ते १८४ मधलं काहीही मानकात बसतं. नवं मशीन तपासायचं असेल तर लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला जाताना सोबत न्या, सुई काढल्यावर लगेच बोटाचा थेंब त्यावर घ्या आणि संध्याकाळी रिपोर्टशी जुळवा. जेवणानंतरच्या वेळी करू नका, तेव्हा बोटातलं आणि शिरेतलं रक्त मुळातच वेगळा आकडा दाखवतं.