मीटिंगचं इतिवृत्त दीड मिनिटाच्या ऑडिओत कसं सांगावं

समजा, सातपूरच्या एका कारखान्यात दुपारी उत्पादनाची मीटिंग झाली आणि रात्रपाळीचे सुपरवायझर तिला नव्हते. इतिवृत्त तीन पानांचं, मुद्दे अकरा. मॅनेजरने ते जसंच्या तसं वाचून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तर मिनिटभरातच ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं, कारण इतिवृत्त मीटिंगच्या क्रमाने लिहिलेलं असतं आणि रात्रपाळीला फक्त आपलं काम हवं असतं.

आधी पेन्सिल घेऊन प्रत्येक मुद्द्यासमोर एकच खूण करा: रात्रपाळीचं काम बदलतं का? बदलत नसेल तर तो मुद्दा लेखीच राहू द्या. अकरातले साधारण तीन उरतात. चार उरले तर दोन ऑडिओ करा. कोणाबद्दलची तक्रार तर घेऊच नका. ऑडिओ कुठेही फॉरवर्ड होतो.

आता भाषा बदला. इतिवृत्तात असतं, ‘प्रेस क्र. ३ वरील डाय बदलास होणाऱ्या विलंबाबाबत चर्चा झाली. पूर्वतयारी आधीच्या पाळीने करावी असे ठरविण्यात आले.’ बोलताना: ‘तीन नंबरच्या प्रेसची डाय बदलायची असेल, तर पुढची डाय आणि बोल्ट आधीच्या शिफ्टने मशीनपाशी आणून ठेवायचे. बघायचं शिफ्ट सुपरवायझरने. सोमवार, अठरा तारखेपासून.’ काम, माणूस, तारीख, याच क्रमाने. ‘ठरविण्यात आले’ म्हटलं की करणारा गायब होतो आणि रात्री दोघं एकमेकांकडे बघत बसतात. जे ठरलंच नाही, त्याला स्पष्ट म्हणा: ‘हे अजून ठरलेलं नाही, आहे तसंच चालू ठेवा.’

‘उद्या’ आणि ‘परवा’ हे शब्द टाळा. ऑडिओ रात्री बारानंतर ऐकला की ‘उद्या’ एक दिवस पुढे सरकतो; ‘परवा’ तर मराठीत मागचाही असतो आणि पुढचाही. आकड्यांचंही तसंच. एकोणपन्नास आणि एकोणसाठ मशीनच्या आवाजात सारखेच वाटतात, त्यातून कित्येक जण दुप्पट वेगाने ऐकतात. म्हणून ‘एकोणपन्नास, चार नऊ’ असं दोनदा सांगा.

हे सगळं दीडशे-पावणेदोनशे शब्दांत लिहून काढा; सावकाश बोललं तर दीड मिनिट होतं. सुरुवातीलाच कोणासाठी आणि किती मुद्दे ते सांगा: ‘रात्रपाळीसाठी, तीन गोष्टी.’ नमस्कार-चमत्कारात दहा सेकंद घालवू नका.

रेकॉर्डिंग शॉप फ्लोअरवर नको, कॉम्प्रेसरची घरघर शब्द खाते. काचा वर केलेली, बंद गाडी सर्वांत बरी. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला धरा, नाहीतर ‘फ’ आणि ‘भ’ला फुंकर लागते. पाठवण्याआधी इतिवृत्त समोर ठेवून एकदा ऐका आणि तारखा ताडून पाहा. चूक सापडली तर पूर्ण ऑडिओ पुन्हा करा. मागून ‘दुरुस्ती’चा तुकडा जोडला, तर कोणीतरी पहिलाच ऐकून कामाला लागलेला असतो.